मिस कॉल आला होता, मग यादीत का नाही?

“अहो, सकाळपासून तीनदा फोन केला तुम्हाला.” “नाही हो, माझ्या मोबाइलवर एकही मिस कॉल नाही.” या संवादात दोघांपैकी एक थापा मारतोय असं समजायची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. एकाने नंबर लावलेला असतो आणि दुसऱ्याच्या यादीत नोंद नसते. मधल्या मध्ये ती नोंद कुठे राहिली, हे शोधायला फारसं तांत्रिक ज्ञान लागत नाही, फक्त क्रम नीट लावावा लागतो.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही असते, तसं हे काम चालतं. पाहुणा गेटपर्यंत पोचला तरच त्याचं नाव वहीत चढतं. नाव चढलं की ती वही ज्याच्या हातात येईल त्याला ते दिसतं, पण त्याने फक्त ‘बी विंग’चीच पानं उघडली असतील तर बाकीचे पाहुणे त्याच्यापुरते आलेच नाहीत. मोबाइलमध्येही हे तीन टप्पे वेगवेगळे असतात: कॉल फोनपर्यंत पोचला का, पोचल्यावर नोंद झाली का, आणि झालेली नोंद अ‍ॅप दाखवतंय का. लोक थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात, त्यातही ‘डेटा क्लिअर’ करून मोकळे होतात, आणि मग जी नोंद शाबूत होती तीही घालवून बसतात.

पहिला टप्पा आधी उरकू, कारण इथे सेटिंग बदलून काही हाती लागत नाही. फोन बंद असेल, विमान मोडवर असेल किंवा रेंजबाहेर असेल तर कॉल कंपनीच्या नेटवर्कवरूनच परत फिरतो. फोनला त्याचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे फोनच्या यादीत तो येण्याचा प्रश्नच नाही. रेंज परत आली की कंपनी ‘अमुक नंबरवरून तुम्हाला कॉल आला होता’ असा एसएमएस पाठवते. तो एसएमएस आला आणि यादीत मात्र नोंद नाही, तर फोनमध्ये काहीही बिघडलेलं नाही. उलट तो एसएमएसच सांगतो की कॉल दारापर्यंत आला नव्हता. अडचण एवढीच की हा एसएमएस ओटीपी आणि जाहिरातींच्या ढिगात गाडला जातो. तुम्ही दुसऱ्या कॉलवर असताना ‘कॉल वेटिंग’ बंद असेल तरी बहुतेक वेळा असंच होतं: समोरच्याला ‘बिझी’ ऐकू येतं आणि तुमच्याकडे काहीच उमटत नाही. आणि ज्याने नंबर लावून दोन-तीन सेकंदांतच कापला, त्याचा कॉल तर वाटेतच संपलेला असतो. ‘मिस कॉल मारला’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचा हिशेब इथेच मिटतो.

याच टप्प्यातला एक प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, तो म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. ‘सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवा’ हा पर्याय चालू असेल तर तुमचा फोन वाजत नाही आणि यादीत नोंदही येत नाही. लोकांना कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं भासवून `*401*` ने सुरू होणारा आकडा दाबायला लावायचा, म्हणजे त्यांचे कॉल भामट्याच्या नंबरवर वळतात आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जातो, अशी फसवणूक इतकी वाढली की दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून असे आकडे दाबून फॉरवर्डिंग लावण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तेव्हा एखाद-दुसरा कॉल नाही, तर येणारे सगळेच कॉल गायब असतील, आणि तुमच्या फोनवरून बाहेर कॉल मात्र व्यवस्थित लागत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये Call forwarding उघडा. Always forward समोर अनोळखी नंबर दिसला तर तो बंद करा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेलाही कळवा.

आता फोनच्या आत जाऊ. अँड्रॉइडमध्ये कॉलची यादी फोन अ‍ॅपच्या आत नसते, हे फार थोड्यांना माहीत असतं. कॉल आला-गेला की त्याची नोंद अँड्रॉइडची स्वतःची यंत्रणा करते आणि ती एका वेगळ्या सिस्टीम कोठारात ठेवते. अ‍ॅपच्या यादीत ते बहुधा Contacts Storage नावाने दिसतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये नाव थोडं वेगळं असतं. नंबर, वेळ, किती सेकंद बोललात, कोणतं सिम आणि कॉलचा प्रकार एवढं त्या नोंदीत असतं. प्रकार म्हणजे आलेला, केलेला, राहिलेला, कापलेला, ब्लॉक केलेला. यातले शेवटचे तीन वेगवेगळे मोजले जातात, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल. तुम्ही ज्यातून नंबर लावता ते अ‍ॅप, म्हणजे डायलर, ती यादी फक्त वाचून दाखवतं. गुगलचं फोन अ‍ॅप असो, कंपनीचं असो की ट्रूकॉलर, कोठार एकच.

याचा एक मोठा फायदा असा की नोंद खरंच गेली आहे की नुसती दिसत नाही, हे सहज तपासता येतं. दुसरं एखादं खात्रीचं डायलर अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्या आणि थोड्या वेळापुरतं त्याला Default phone app करा. ते मागेल तेव्हा Call logs ची परवानगी द्या. हरवलेले कॉल तिथे दिसले तर नोंद जागेवर आहे आणि दोष पहिल्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही दिसले नाहीत तर एक तर नोंद पुसली गेली किंवा झालीच नाही. तपासून झालं की पहिलं अ‍ॅप परत मूळ जागी आणा. डायलर बदलल्याने कोठारातली यादी पुसली जात नाही.

आमच्या कॉलनीत एक मावशी पोळी-भाजीचे डबे देतात. ऑर्डर सगळी फोनवर. त्यांची तक्रार अशी होती की नवीन गिऱ्हाइकांचे मिस कॉलच दिसत नाहीत, जुनी माणसं मात्र व्यवस्थित दिसतात. हे ऐकल्यावरच निम्मं निदान होतं. फोन बिघडला असता तर त्याने जुनं-नवं असा भेद केला नसता. माझ्या फोनवरून मिस कॉल दिला, तो लगेच यादीत आला. मग शेजारच्या मुलाच्या फोनवरून दिला, ज्याचा नंबर मावशींकडे सेव्ह नाही. रिंग वाजली, त्यांनी उचलला नाही, आणि यादीत काहीच नाही. “बघ, मी म्हणत नव्हते?” मावशी म्हणाल्या.

यादीच्या वरच्या बाजूला छोटी बटणं असतात. गुगलच्या नव्या फोन अ‍ॅपमध्ये ती All, Missed, Contacts, Non-spam, Spam अशी आहेत. इतर कंपन्यांच्या डायलरमध्ये कुठे SIM 1, SIM 2 असतात, तर कुठे तीन ठिपक्यांच्या मेनूत दडलेली असतात. मावशींच्या डायलरमध्ये फक्त सेव्ह केलेले नंबर दाखवणारा पर्याय निवडलेला होता आणि त्यांचं डायलर शेवटी निवडलेला पर्याय तसाच धरून ठेवत होतं. All दाबल्याबरोबर अनोळखी नंबरांची रांग लागली. त्यात दोन सिम असणाऱ्यांनी आणखी एक बघावं: एकाच सिमचे कॉल दाखवणारा पर्याय चालू राहिला की दुसऱ्या सिमवरचं सगळं जग गायब होतं, आणि नेमकं धंद्याचं सिम दुसरं असतं.

पण गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. “अगं, त्या हॉस्टेलवरच्या पोराचा नंबर अजून नाही दिसत. तो म्हणतो रोज लावतो.” त्या पोराने समोरच उभं राहून नंबर लावला. मावशींचा फोन वाजला नाही, आणि त्याला मात्र लगेच कॉल कापल्यासारखा आवाज आला. इथे मामला गाळणीचा नव्हता. कॉल येत होता, पण दारातच परत पाठवला जात होता. ब्लॉक यादी उघडली तर त्याचा नंबर तिथे. कॉल संपला की स्क्रीनवर जी पाटी येते, त्यात Block चं बटण असतं. कणीक मळताना पीठ लागलेल्या अंगठ्याने ते कधीतरी दाबलं गेलेलं. आता मघाची प्रकारांची गोष्ट आठवा: ब्लॉक केलेला कॉल ‘मिस कॉल’ मध्ये मोजला जात नाही. त्यामुळे Missed वर बोट ठेवून कितीही शोधलं तरी तो मिळत नाही. काही डायलर तो मुख्य यादीत लाल खुणेने दाखवतात, काही वेगळ्या कोपऱ्यात ठेवतात, काही दाखवतच नाहीत. तुम्ही स्वतः कापलेल्या कॉलचंही तसंच आहे. तो ‘कापलेला’ म्हणून नोंदला जातो, ‘राहिलेला’ म्हणून नाही.

स्पॅमची गाळणी याहून चोरपावलांनी काम करते. गुगलच्या फोन अ‍ॅपमध्ये Settings मध्ये Caller ID & spam आहे आणि त्यात Filter spam calls. हे चालू असेल तर स्पॅमचा संशय आलेला कॉल वाजत नाही आणि मिस कॉलची सूचनाही येत नाही. नोंद मात्र यादीत राहते. म्हणजे सूचनेच्या भरवशावर बसणाऱ्याला वाटतं कॉल आलाच नाही, आणि यादी उघडून खाली सरकणाऱ्याला तो सापडतो. ट्रूकॉलरसारख्या अ‍ॅपमध्ये स्पॅम कॉल आपोआप कापण्याचा पर्याय असतो. ज्यांचा धंदा अनोळखी नंबरांवर चालतो, म्हणजे डबेवाले, प्लंबर, रिक्षावाले, इस्टेट एजंट, त्यांनी हा आपोआप कापण्याचा प्रकार ठेवू नये असं माझं मत आहे. स्पॅम म्हणून लिहून आलेलं नाव दिसू द्यावं, कापायचं की नाही ते स्वतः ठरवावं. रोज शंभर ठिकाणी डिलिव्हरीचे कॉल करणाऱ्या मुलाचा नंबर लोकांनी स्पॅम ठरवलेला असू शकतो, आणि तो तुमच्यासाठी स्पॅम नसतो.

सूचना आणि नोंद यांतला हा फरक इतरत्रही लागू पडतो. Do Not Disturb चालू असताना आलेला कॉल नोंदला जातोच, फक्त आवाज होत नाही. फोन अ‍ॅपच्या Notifications मध्ये Missed calls नावाचं वेगळं बटण असतं. ते बंद असेल तर यादी शंभर टक्के बरोबर असूनही वरच्या पट्टीत काही येणार नाही.

आता उलटा प्रकार: एखाद-दुसरा नव्हे, तर यादीच कोरी. नवीन आलेलाही कॉल दिसत नाही. असं झालं की आधी परवानगी बघावी. Settings मध्ये Apps, तिथे तुमचं डायलर, मग Permissions. Call logs नाकारलेलं असेल तर त्या अ‍ॅपला कोठारात डोकावताच येत नाही. बरेच दिवस न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःहून काढून घेतं. वर्षभरापूर्वी घेतलेलं आणि मध्ये विसरलेलं डायलर पुन्हा उघडलं की ते कोरं दिसतं, ते बहुधा यामुळे. परवानगी दिली की यादी परत येते.

जुने कॉल नाहीसे होतात त्याला मात्र वेगळं कारण आहे आणि ते बिघाडाचं नाही. मूळ अँड्रॉइडमध्ये या कोठाराला मर्यादा आहे: प्रत्येक सिममागे शेवटच्या 500 नोंदी. पाचशे एकावी आली की सगळ्यांत जुनी पुसली जाते. साधारण माणसाला 500 म्हणजे कित्येक महिने पुरतात. मावशींकडे दिवसाला आले-गेले मिळून चाळीसेक कॉल होतात, म्हणजे एका सिमवर बारा-तेरा दिवसांतच वही भरते. ‘गणपतीतला तो मोठ्या ऑर्डरवाल्याचा नंबर’ दिवाळीत शोधायला गेलं तर तो तिथे नसणारच. अशा धंद्यात नंबर त्याच दिवशी सेव्ह करणं किंवा डायरीत उतरवणं याला पर्याय नाही. काही कंपन्यांनी आपल्या फोनमध्ये ही मर्यादा बदललेली असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

याच मर्यादेची एक गंमत आहे, जी फार चकवते. सगळ्यांत जुनी नोंद म्हणजे कोणती, हे फोन नोंदीच्या तारखेवरून ठरवतो. समजा बॅटरी पूर्ण उतरून फोनची तारीख चुकली आणि तो 2018 मध्ये गेला. आत्ता आलेल्या मिस कॉलवर 2018 ची तारीख पडते. यादीत तो सगळ्यांत तळाला जातो, त्यामुळे वर दिसत नाही. आणि आधीच 500 नोंदी भरलेल्या असतील तर सगळ्यांत जुना समजून तोच आधी पुसला जातो, आल्या आल्या. समोर रिंग वाजली, नाव दिसलं आणि यादीत मात्र काही नाही, असा भुताटकीचा अनुभव आला तर घड्याळाकडे बघा. Date & time मध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवला की हा प्रश्न उद्भवत नाही. फोनची जागा काठोकाठ भरलेली असतानाही नवी नोंद लिहिली जात नाही असं होऊ शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभात व्हिडिओ आधी उडवा.

‘सिंक’ या शब्दाने इथे सगळ्यांत जास्त गोंधळ केलाय. गुगल खात्याशी सिंक होतात ते संपर्क, म्हणजे नावं आणि नंबर. कॉलची यादी सिंक होत नाही. त्यामुळे एकाच गुगल खात्याचे दोन अँड्रॉइड फोन घेतले तरी एकावरचा मिस कॉल दुसऱ्यावर दिसत नाही. सिंकचा परिणाम होतो तो नावांवर. संपर्कांचं सिंक बंद पडलं किंवा चुकीच्या खात्यात गेलं की ‘सुनीता काकू’ऐवजी नुसता दहा आकडी नंबर दिसतो. माणूस यादीत ‘सुनीता’ शोधतो, सापडत नाही, आणि कॉलच गेला असं धरून चालतो. नाव सापडेना तेव्हा नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांनी शोधून पाहा.

सिंक नसलं तरी बॅकअप असतो. Settings मध्ये Google, तिथे Backup उघडलं की काय काय जपून ठेवलं जातं त्यात कॉल हिस्ट्रीही असते. पण तो बॅकअप नवीन फोन सुरू करताना किंवा फोन पूर्ण रिसेट केल्यावरच परत भरता येतो. काल पुसलेला एक कॉल त्यातून उचलून आणता येत नाही. फोन वापरातच नसेल तर 57 दिवसांनी तो बॅकअपही काढून टाकला जातो. जुना फोन कपाटात ठेवून ‘सावकाश बघू’ म्हणणाऱ्यांसाठी ही मुदत आहे.

आणि आता ते ‘डेटा क्लिअर’. डायलरच्या Storage मध्ये दोन बटणं असतात. Clear cache निर्धोक आहे, यादी अडकल्यासारखी वाटत असेल तर जरूर दाबा. डायलरचंच Clear storage दाबलं तर त्या अ‍ॅपची सेटिंग्ज आणि त्याने स्वतःजवळ ठेवलेलं जे काही असेल ते जातं, पण गुगलच्या फोन अ‍ॅपसारख्या डायलरमध्ये कोठारातली यादी शाबूत राहते. खरा घात होतो तो Contacts Storage चं Clear storage दाबल्यावर. कॉलची यादी त्याच कोठारात असल्याने ती पूर्ण जाते, आणि सोबत संपर्कही जातात. गुगल खात्यातले संपर्क सिंक होऊन परत येतात. फक्त फोनमध्ये सेव्ह केलेले कायमचे जातात. कॉलची यादी काही परत येत नाही. मोबाइलच्या दुकानात ‘एक मिनिटात करून देतो’ म्हणत हे बटण दाबणारे असतात. फोन हातात देण्यापूर्वी संपर्क एका फाइलमध्ये एक्सपोर्ट करून घ्या, आणि तो कोणतं बटण दाबतोय ते बघत उभे राहा.

आयफोनवाल्यांचा मामला थोडा वेगळा आहे. तिथे कॉलची यादी कोणत्याही दुसऱ्या अ‍ॅपला वाचता येत नाही, त्यामुळे दुसरं डायलर लावून तपासण्याची युक्ती चालत नाही. उलट आयक्लाउडमधून यादी खरोखर सिंक होते. घरात दोन आयफोन एकाच अ‍ॅपल खात्यावर असतील तर एकावरचे कॉल दुसऱ्यावर दिसू लागतात आणि एकीकडे पुसलेला कॉल दुसरीकडूनही जाऊ शकतो. नवऱ्याने यादी साफ केली आणि बायकोचे मिस कॉल गेले, अशी भांडणं यातून होतात. उपाय एकच, प्रत्येकाचं खातं वेगळं. Silence Unknown Callers चालू असलं तरी अनोळखी कॉल Recents मध्ये नोंदला जातो, फक्त वाजत नाही. आयओएस 26 मध्ये मात्र अनोळखी नंबर वेगळ्या यादीत टाकण्याची सोय आली आहे, तेव्हा तिथे तीही यादी उघडून पाहावी.

व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल अँड्रॉइडच्या फोन अ‍ॅपमध्ये शोधू नयेत. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या Calls मध्ये असतात.

एवढं सगळं बघूनही नोंद कुठेच नसेल, तर ती फोनमधून गेलेली आहे. कंपनीकडे प्रत्येक कॉलचा तपशील असतो, आणि सरकारच्या 2021 च्या नियमाप्रमाणे तो किमान दोन वर्षं जपावा लागतो, पण तो तपास यंत्रणा किंवा न्यायालयाने मागितल्यावर द्यायचा असतो. तुमच्या बिलाच्या तपशिलात साधारणपणे तुम्ही केलेले कॉल दिसतात, न उचललेले आलेले नाहीत. मग शोधता शोधता माणूस ‘कोणत्याही नंबरची कॉल हिस्ट्री काढून देतो’ असं म्हणणाऱ्या अ‍ॅपपर्यंत पोचतो. कंपनीच्या नोंदींपर्यंत अशा कुठल्याही अ‍ॅपचा हात पोचत नाही. ते आधी पैसे मागतं, मग मनचे आकडे भरलेली एक यादी दाखवतं, आणि परवानग्या दिल्या असतील तर तुमचे संपर्क घेऊन जातं.